भोकांचा हिशेब

जुन्या रेल्वेपुलाच्या पोलादी तुळयांवर ओळीनं बसवलेली गोल डोकी सगळ्यांनी पाहिलेली असतात. ते रिव्हेट. घरातल्या कढईचे कानही पुष्कळदा रिव्हेट मारूनच बसवलेले असतात. दोन पत्रे एकमेकांवर थोडे चढवायचे, दोघांतून आरपार भोक पाडायचं, त्यात लालबुंद तापवलेला रिव्हेट घालायचा आणि उघड्या टोकाचं ठोकून डोकं करायचं, की झाला लॅप जोड. रिव्हेट थंड होताना आखडतो आणि दोन्ही पत्रे एकमेकांवर आवळून धरतो. असा जोड पाहिला की सहज वाटतं, जितके रिव्हेट जास्त तितका जोड पक्का. हे अर्धंच खरं आहे. रिव्हेट म्हटला की भोक आलं, आणि भोक म्हणजे पत्र्यातून कायमचं वजा झालेलं पोलाद.

जोड ताणला की त्याच्यासमोर तुटायच्या तीन वाटा असतात. पहिली वाट रिव्हेटची. वरचा पत्रा उजवीकडे ओढला जातो, खालचा डावीकडे, आणि मधला रिव्हेट दोन पत्र्यांच्या सांध्यात कात्रीत सापडल्यासारखा आडवा कापला जातो. याला कर्तन म्हणतात. लॅप जोडात रिव्हेट एकाच पातळीवर कापला जातो, त्यामुळे त्याचं एकच काटछेद-क्षेत्रफळ कामी येतं. दुसरी वाट दाबाची. रिव्हेट शाबूत राहतो, पण भोकाच्या ज्या कडेवर तो रेलतो तिथलं पोलाद चिरडतं आणि गोल भोक लांबट होतं. तिसरी वाट फाटण्याची. भोकांच्या ओळीत पत्रा अशक्त झालेला असतो, तो एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत सरळ फाटत जातो. रिव्हेट पत्र्याच्या काठाला फार चिकटून मारला तर पुढचा काठही फाटू शकतो. म्हणून भोकाचा मध्य काठापासून निदान रिव्हेटच्या दीडपट व्यासाइतका आत ठेवायचा, म्हणजे ती काळजी मिटते.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. पत्रा 10 मिलिमीटर जाडीचा, रिव्हेट 20 मिलिमीटरचा. भोक दीड मिलिमीटर मोठं पाडतात, आणि ठोकल्यावर तापलेला रिव्हेट फुगून ते भरून टाकतो, म्हणून हिशेबात व्यास 21.5 धरायचा. सुरक्षित म्हणून चौरस मिलिमीटरमागे किती भार घ्यायचा, तर रिव्हेट कापला जाण्याच्या दिशेनं 10 किलो, भोकाच्या कडेवरच्या दाबासाठी 30 किलो आणि पत्र्याच्या ताणासाठी 15 किलो. पोलादी बांधकामाच्या जुन्या भारतीय मानकातले आकडे साधारण असेच होते.

एका रिव्हेटचं काटछेद-क्षेत्रफळ 363 चौरस मिलिमीटर भरतं, म्हणजे कर्तनात तो 3,630 किलो झेलेल. दाबासाठी भोकाचा व्यास गुणिले पत्र्याची जाडी घ्यायची. 21.5 गुणिले 10 म्हणजे 215 चौरस मिलिमीटर, आणि झेप 6,450 किलोंची. हे दोन्ही आकडे एका रिव्हेटचे आहेत, शेजारचा रिव्हेट किती लांब आहे याच्याशी त्यांचं देणंघेणं नाही. तिसरा आकडा मात्र पूर्णपणे त्या अंतरावरच ठरतो. एका रिव्हेटच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंतच्या अंतराला पिच म्हणतात. पिच 60 ठेवली तर भोक वजा जाता पत्र्याची 38.5 मिलिमीटर रुंदी उरते, आणि ती 5,775 किलोला फाटेल.

तिन्हींत सगळ्यात लहान आकडा 3,630. जोडाची ताकद तीच, बाकीचे दोन आकडे कितीही मोठे असोत. भोकं नसलेल्या अखंड पत्र्याची 60 मिलिमीटरची पट्टी 9,000 किलो झेलली असती. 3,630 भागिले 9,000 म्हणजे 40 टक्के, आणि हीच जोडाची कार्यक्षमता. आपण विकत घेतलेल्या पोलादापैकी साठ टक्के ताकद जोडाच्या रेषेवर फुकट गेली.

इथे रिव्हेट आधी तुटतो आणि पत्रा निवांत आहे, म्हणजे रिव्हेट जवळ आणायला वाव आहे. पिच 50 केली तर एक मीटर जोडात 20 रिव्हेट बसतात. कर्तनातली ताकद मीटरमागे 72.6 टन होते. अखंड पत्र्याची ताकद मीटरमागे 150 टन आहे, म्हणजे कार्यक्षमता 48 टक्क्यांवर गेली. फायदा झाला, तर अजून जवळ का आणू नयेत? पिच 40 करून बघा. आता मीटरला 25 रिव्हेट झाले, पण दोन भोकांमध्ये पत्र्याची जेमतेम 18.5 मिलिमीटर पट्टी उरली. ती 2,775 किलोला फाटते, म्हणजे मीटरमागे 69.4 टन. पाच रिव्हेट जास्त मारून, पाच भोकं जास्त पाडून जोड आधीपेक्षा कमजोर झाला. शिवाय इतक्या जवळ डोकं ठोकायच्या साच्याला जागाही धड मिळत नाही, म्हणून रिव्हेटच्या अडीचपटीपेक्षा कमी पिच ठेवू देत नाहीत. आपल्या 20 च्या रिव्हेटला ती मर्यादा 50 वर येते.

मग 48 टक्क्यांवर समाधान मानायचं? नाही, दुसरी ओळ मारायची. ही युक्ती मला फार आवडते, कारण तिच्यात रिव्हेट वाढतात पण फाटण्याच्या रेषेवरची भोकं वाढत नाहीत, उलट ती विरळ करता येतात. प्रत्येक पिचमध्ये आता दोन रिव्हेट असल्यानं कर्तनातली ताकद 7,260 किलो झाली. पिच 70 ठेवली तर भोक सोडून 48.5 मिलिमीटर रुंदी उरते, आणि ती 7,275 किलोला फाटते. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे, म्हणजे रिव्हेट आणि पत्रा दोघंही एकाच वेळी हार मानतील, कुणाचंच पोलाद वाया जात नाही. 70 मिलिमीटरची अखंड पट्टी 10,500 किलोची, म्हणून कार्यक्षमता 69 टक्के. तिसरी ओळ मारून पिच आणखी वाढवली तर 77 टक्क्यांपर्यंत जाता येतं, पण बॉयलरसारख्या ठिकाणी पिच फार वाढली की दोन रिव्हेटांमधला पत्रा उचलला जाऊन वाफ गळायला लागते. तिथे ताकदीपेक्षा गळती आधी आडवी येते.

मँचेस्टरच्या विल्यम फेअरबेर्न यांनी 1838 पासून लोखंडी पत्र्यांचे रिव्हेटचे जोड खरोखर तोडून पाहिले. अखंड पत्र्याला शंभर धरलं तर एका ओळीच्या जोडाला त्यांनी 56 आणि दोन ओळींच्या जोडाला 70 मोल दिलं. त्यांचं लोखंड वेगळं, मोजायची रीत वेगळी. तरी दोन ओळींचा आपला आकडा त्यांच्या आकड्याच्या अगदी शेजारी येऊन बसतो.

या सगळ्यात दाबाची वाट कुठे गेली? जाड पत्र्यात ती मागेच राहते. पण हाच रिव्हेट 5 मिलिमीटरच्या पत्र्यात मारला तर दाबातली ताकद निम्मी, म्हणजे 3,225 किलो होते आणि कर्तनाच्या 3,630 च्या खाली जाते. मग रिव्हेट कापला जायच्या आधी भोक लांबट होतं. अशा जोडात काहीही तुटत नाही, नुसती ढिलाई येते आणि रिव्हेट भोकात खुळखुळायला लागतो. पुलाच्या तपासणीत असा रिव्हेट हातानं ओळखतात. एका बाजूला बोट असं ठेवायचं की ते डोक्यालाही लागेल आणि पत्र्यालाही, आणि दुसऱ्या बाजूनं छोट्या हातोडीनं टकटक करायची. घट्ट रिव्हेटमध्ये बोटाला पत्रा आणि रिव्हेट एकच वाटतात, सैल असेल तर त्याची वेगळी थरथर जाणवते. डोक्याच्या कडेनं उतरलेली तांबडी गंजाची रेघ दिसली तर हातोडी लावायच्या आधीच शंका घ्यावी.

आपला हिशेब काही गोष्टी गृहीत धरतो. भार सगळ्या रिव्हेटांवर सारखा वाटला जातो असं तो मानतो, आणि आवळलेल्या पत्र्यांमधलं घर्षण धरतच नाही. पण सगळ्यात मोठी गोष्ट अशी की दोन्ही पत्रे एका रेषेत आहेत असं तो मानतो, आणि लॅप जोडात ते कधीच नसतात. एक पत्रा वर, एक खाली, म्हणून ताण पडला की जोड किंचित पिळवटून दोघांना एका रेषेत आणू पाहतो आणि पत्रा जोडाच्या काठाशी वाकतो. पुलाच्या साध्या पट्टीत हे खपून जातं. बॉयलरमध्ये ते जिवावर बेततं. बॉयलरचं नळकांडं लॅप जोडाच्या जागी खरं गोल नसतं. आतली वाफ त्याला गोल करू पाहते आणि दाब उतरला की पत्रा पुन्हा मागे येतो. रोज विस्तव पेटला आणि विझला की पत्रा त्याच एका रेषेवर वाकतो. तिथे बारीक चीर सुरू होते, नेमकी दोन पत्र्यांच्या मध्ये, जिथे तपासनिसाची नजरही पोचत नाही आणि हातोडीही.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रॉक्टन गावी 20 मार्च 1905 रोजी ग्रोव्हर बुटांच्या कारखान्याचा जुना बॉयलर असाच फुटला. नवा बॉयलर बंद होता म्हणून त्या दिवशी जुना पेटवला होता. बॉयलर छप्पर फोडून उडाला, चार मजली लाकडी इमारत कोसळली, निखाऱ्यांनी पेटली आणि 58 माणसं गेली. चीर लॅप जोडाच्या आत दडलेली होती. कर्तन, दाब, फाटणं, या तिन्ही कसोट्यांवर तो जोड कागदावर पास झाला असता.

त्या स्फोटानंतर मॅसॅच्युसेट्सनं बॉयलरचे कडक नियम केले, आणि पुढे अमेरिकेच्या यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेनं देशभरासाठी संहिता तयार केली. 36 इंचांपेक्षा मोठ्या व्यासाच्या बॉयलरच्या लांबीच्या दिशेतल्या जोडासाठी तिनं लॅप जोड बंद केला. तिथे पत्रे टोकाला टोक भिडवायचे आणि आतून-बाहेरून दोन पट्ट्या लावून रिव्हेट मारायचे. पत्रे एका रेषेत राहतात, वाकणं संपतं, आणि रिव्हेट एकाऐवजी दोन पातळ्यांवर कापला जायला लागतो, त्यामुळे कार्यक्षमताही चढते. नळकांड्याभोवती फिरणाऱ्या गोल जोडांना मात्र लॅपची मुभा राहिली. वाफेच्या दाबानं त्या जोडावर येणारा ताण लांबीच्या जोडापेक्षा बरोबर निम्मा असतो, आणि निम्म्या ताणाला दोन ओळींचा 69 टक्क्यांचा जोड आरामात पुरतो.