प्रकल्प 25 लाखांचा, पण अनुदान 11 लाखांचेच! निधी प्रस्तावाचा मराठी सारांश कसा लिहावा?

तलावातील गाळ काढण्यासाठी एखादी स्वयंसेवी संस्था कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीकडे प्रस्ताव पाठवते. प्रस्ताव इंग्रजीत असतो. तो मंजूर होण्याच्या टप्प्यावर आला की गावाची संमती लागते आणि मग सरपंच, बचत गटाच्या अध्यक्षा, पाणलोट समितीचे सदस्य यांच्यासाठी दोन पानांचा मराठी सारांश तयार होतो. बहुतेकदा तो शब्दाला शब्द ठेवून केलेला असतो. सह्या होतात, काम सुरू होते आणि तीन-चार महिन्यांनी ग्रामसभेत कोणीतरी उठून विचारते, ‘बाकीचे पैसे गेले कुठे?’ हा प्रश्न अनेकदा गैरव्यवहारातून नव्हे, तर भाषांतरातून आलेला असतो. कसा, ते एका उदाहरणातून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण प्रस्तावांची मांडणी साधारण अशीच असते.

समजा, एका पाझर तलावातून 20 हजार घनमीटर गाळ काढायचा आहे. 140 शेतकरी तो आपल्या शेतात नेऊन पसरणार आहेत. इंग्रजी सारांशातील वाक्याचा सरळ अनुवाद असा होतो : ‘प्रकल्पाची एकूण किंमत 2.5 दशलक्ष रुपये असून त्यापैकी 1.4 दशलक्ष रुपये समुदायाचे वस्तुरूप योगदान आहे.’

या वाक्यात चूक काय?

व्याकरणाची चूक एकही नाही. पण ‘दशलक्ष’ हा शब्द गावात कोणी वापरत नाही. एक दशलक्ष म्हणजे 10 लाख, तेव्हा 2.5 दशलक्ष म्हणजे 25 लाख. घाईत हे रूपांतर करताना शून्य चुकते आणि 2.5 दशलक्षाचे अडीच लाख किंवा थेट अडीच कोटी होतात. म्हणून रक्कम लाखातच लिहावी आणि शेजारी अक्षरात द्यावी.

त्याहून मोठी अडचण ‘वस्तुरूप योगदान’ या शब्दांत आहे. वाचणाऱ्याला वाटते, 25 लाख रुपये मंजूर झाले. प्रत्यक्षात संस्थेच्या खात्यात येणार आहेत 11 लाख. उरलेले 14 लाख रुपये कुठूनही येणार नाहीत. तो शेतकऱ्यांनी गाळ वाहून नेण्याचा खर्च आहे, पैशात मोजलेला. हिशेब साधा आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सुमारे एक ब्रास गाळ बसतो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजेच 2.83 घनमीटर. 20 हजार घनमीटरच्या सुमारे 7 हजार खेपा होतात. एका खेपेचा डिझेल आणि भाड्याचा खर्च 200 रुपये धरला की झाले 14 लाख. 140 शेतकऱ्यांत वाटले तर प्रत्येकी 50 खेपा आणि 10 हजार रुपये.

हे 10 हजार रुपये सारांशातील सर्वात महत्त्वाचा आकडा आहेत आणि नेमका तोच इंग्रजीत नसतो. देणगीदाराला तो लागत नाही; त्याला गाव किती टक्के भार उचलते हे हवे असते. गावातल्या माणसाला मात्र आपल्या खिशातून काय जाणार, हे आधी कळायला हवे. म्हणून मराठीत ते वाक्य असे लिहावे : ‘गाळ काढण्याच्या कामासाठी संस्थेला 11 लाख रुपये मिळतील. गाळ शेतात नेण्याचा खर्च शेतकऱ्यांनी करायचा आहे. 50 ट्रॉल्या नेणाऱ्या शेतकऱ्याला अंदाजे 10 हजार रुपये लागतील. सर्वांचा मिळून हा खर्च 14 लाख होतो. तो कागदावर प्रकल्पात धरला आहे, पण ही रक्कम कोणालाही रोख मिळणार नाही.’ एका वाक्याची पाच झाली, तरी चालेल. (खोदलेला गाळ फुगतो, त्यामुळे खेपा 7 हजारांहून जास्तच पडतात. जाणत्या ट्रॅक्टरवाल्याला हे ठाऊक असते. प्रस्ताव लिहिणाऱ्याला नसते.)

आणखी एक गोष्ट इथेच स्पष्ट करावी लागते. राज्य सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना 2017 मध्ये सुरू झाली तेव्हा गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्यावरच होता. 2023 मध्ये योजना नव्याने आली तेव्हा लहान शेतकऱ्यांसाठी अनुदानाची तरतूद झाली. त्यामुळे ‘गाळ’ म्हटले की ‘अनुदान किती?’ हा प्रश्न येणारच. या प्रकल्पात ते मिळणार आहे की नाही, हे एका ओळीत लिहिलेले असावे.

‘लाभार्थी’ म्हटले की काय समजते?

इंग्रजी प्रस्तावात ‘प्रति लाभार्थी खर्च 7,857 रुपये’ अशी ओळ असते. 11 लाखांना 140 ने भागले की हा आकडा येतो. देणगीदार त्यावरून दोन प्रकल्पांची तुलना करतो. पण आज गावात लाभार्थी म्हणजे ज्याच्या बँक खात्यात पैसे जमा होतात तो. ही ओळ जशीच्या तशी उतरवली तर 7,857 रुपये कधी जमा होणार, अशी विचारणा ठरलेली. हा आकडा मराठी सारांशातून सरळ वगळावा, असे माझे मत आहे. त्याने गावाचा कोणताही निर्णय बदलत नाही. ‘लाभार्थी’ऐवजी ‘गाळ नेणारे शेतकरी’ म्हटले की गोंधळ उरत नाही.

याउलट, एक आकडा लपवण्याचा मोह होतो आणि तो मुळीच लपवू नये : संस्थेचा स्वतःचा खर्च. आपल्या उदाहरणात 11 लाखांपैकी 8 लाख यंत्राच्या भाड्याचे, 1 लाख देखरेख करणाऱ्याच्या चार महिन्यांच्या पगाराचे, 60 हजार मोजणीचे, 40 हजार प्रशिक्षणाचे, 20 हजार ऐनवेळच्या खर्चासाठी आणि 80 हजार ‘अप्रत्यक्ष खर्च’ म्हणून आहेत. ‘अप्रत्यक्ष’ हा शब्दच संशयास्पद वाटतो. कमिशनला दिलेले सभ्य नाव असावे असा. त्याऐवजी ‘संस्थेचे कार्यालय भाडे, हिशेबनीस आणि लेखापरीक्षण यासाठी 80 हजार, म्हणजे 100 रुपयांतले सुमारे 7 रुपये’ असे लिहिले की विषय संपतो. फार तर कोणी 7 रुपये जास्त आहेत म्हणून भांडेल. ते भांडण रास्त आहे.

पैसे हप्त्याने येतात, यंत्र थांबते

‘दुसरा हप्ता विनियोग प्रमाणपत्र सादर केल्यानंतर देय’ हे वाक्य मराठीच आहे, पण त्यातून गावाला काहीच कळत नाही. आपल्या उदाहरणात पहिला हप्ता 60 टक्के, म्हणजे 6 लाख 60 हजार आहे. यंत्राचे भाडेच 8 लाख. म्हणजे काम अर्ध्याच्या पुढे गेले की पैसे संपणार आणि झालेल्या खर्चाचा हिशेब सादर होऊन तो मान्य होईपर्यंत यंत्र उभे राहणार. तेही मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर. ‘पहिले पैसे कुठे खर्च झाले याचा दाखला दिल्यावरच उरलेले 4 लाख 40 हजार मिळतील, त्या काळात यंत्र काही दिवस बंद राहू शकते’ असे आधी सांगितले असेल, तर यंत्र थांबल्यावर अफवा उठत नाही.

त्या दाखल्यासाठी ट्रॉल्यांची नोंदवही लागते. तारीख, शेतकऱ्याचे नाव, खेपा आणि सही एवढ्या चार रकाने पुरतात. वही नसेल तर शेतकऱ्यांनी केलेला 14 लाखांचा खर्च कागदावर सिद्धच करता येत नाही. ती कोण ठेवणार, हे सारांशातच नाव घालून लिहावे.

परिणाम, निष्पत्ती, फलनिष्पत्ती : फरक कसा सांगावा?

इंग्रजी प्रस्तावात कामाच्या फळाच्या तीन पायऱ्या असतात आणि मराठीत तिन्हींसाठी ‘परिणाम’ हा एकच शब्द सर्रास पडतो. पहिल्या पायरीला काही जण ‘उत्पादन’ म्हणतात, मग शेतकऱ्याला वाटते पीक वाढणार. पारिभाषिक शब्द शोधत बसण्यापेक्षा तीन प्रश्न विचारावेत. काम किती होईल? 20 हजार घनमीटर गाळ निघेल. त्याने काय बदलेल? खालच्या बाजूच्या विहिरींचे पाणी वाढेल. पुढे काय व्हावे? रब्बीचे पीक हाती लागावे. पहिल्याची हमी संस्था देऊ शकते. दुसरे पावसावर अवलंबून आहे. तिसरे तर बाजारभावावरही. इंग्रजीतले ‘होईल’ मराठीत आले की त्याचा शब्द दिल्यासारखा अर्थ होतो. म्हणून दुसऱ्या पायरीपासून पुढे ‘पाऊस सरासरीइतका झाला तर’ ही अट त्याच वाक्यात हवी, तळटीपेत नको.

विहिरींच्या आकड्यात एक खास सापळा आहे. भूजल जमिनीपासून खाली मोजतात. ‘पाण्याची पातळी 8 मीटरवरून 7.5 मीटरपर्यंत कमी होईल’ असा अनुवाद झाला, तर पाणी आटणार असाच अर्थ निघतो, प्रत्यक्षात ते वर येणार असते. ‘आज दिवाळीच्या सुमारास पाणी 26 फुटांवर लागते, ते दीड फूट वर यावे’ असे लिहावे.

सर्वात मोठा फायदा मात्र आकडे गावच्या मापात आणताना होतो. इंग्रजीत लिहिले आहे, ‘60 हेक्टर क्षेत्र रब्बी सिंचनाखाली येईल.’ म्हणजे सुमारे दीडशे एकर. आता 20 हजार घनमीटर म्हणजे 2 कोटी लिटर, 10 हजार लिटरचे 2 हजार टँकर. एका एकराला पाटाने एक पाळी द्यायची, सहा सेंटिमीटर पाणी धरले, तर सुमारे 24 टँकर लागतात. 2 हजार टँकरमध्ये 83 एकरांची एक पाळी होते. बाष्पीभवन वजा केले की साठ-सत्तर एकर. दीडशे एकरांचा दावा खरा व्हायचा तर तलाव एका पावसाळ्यात दोन-तीनदा भरून झिरपायला हवा. तो भरतो का, हे सरपंचाला विचारले की लगेच कळते. हेक्टर आणि घनमीटरमध्ये ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नसती.

असा फरक सापडला तर मराठीत आकडा गुपचूप कमी करून चालत नाही. करार इंग्रजी मजकुरावर होतो आणि वर्षअखेर तपासणी 60 हेक्टरचीच होते. मूळ प्रस्तावातला आकडा बदलून घ्यावा लागतो आणि तो करारावर सही होण्यापूर्वीच बदलतो.

मसुदा तयार झाला की तो प्रकल्पाशी संबंध नसलेल्या गावातल्या एका व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवावा आणि कागद बाजूला ठेवून तीन गोष्टी विचाराव्यात : संस्थेला किती पैसे मिळणार, तुमच्या खिशातून किती जाणार आणि काम यशस्वी झाले हे तुम्ही कशावरून ओळखाल? पहिल्या प्रश्नाला ‘25 लाख’ उत्तर आले, तर मसुदा पुन्हा लिहावा.