एक पान, तीन स्पॅन
लेखमाला: स्लाइडकडून पानाकडे – भाग ४

स्ट्रक्चरल ॲनालिसिसच्या स्लाइड्समध्ये wL²/8 हे सूत्र दोनदा भेटतं. पहिल्यांदा सिम्पली सपोर्टेड तुळईच्या मध्यावरचा बेंडिंग मोमेंट म्हणून आणि बऱ्याच तासांनंतर प्रॉप्ड कॅन्टिलिव्हरच्या पक्क्या टोकावरचा मोमेंट म्हणून. पहिल्या ठिकाणी तुळई खाली वाकते आणि ताण खालच्या बाजूला येतो. दुसऱ्या ठिकाणी तो वरच्या बाजूला येतो. स्लाइडवर शेजारी आकृती असल्याने घोटाळा होत नाही. पण सेमिस्टरच्या शेवटी विद्यार्थी दीडदोनशे स्लाइड्समधली सूत्रं A4 च्या एका पानावर उतरवायला बसतो, तेव्हा जागा वाचवण्यासाठी सगळ्यात आधी आकृती जाते, मग अटींची ओळ जाते आणि मागे उरतात ती अक्षरं. परीक्षेत त्याच पानावर दोन ठिकाणी wL²/8 दिसतं आणि कोणतं कुठलं ते पान सांगत नाही. या भागात एकच मुद्दा मांडायचा आहे: एकपानी शीटवरची जागा सूत्रांपेक्षा सूत्र निवडण्याच्या अटींना आधी द्यावी. ती कशी द्यायची, हे एका खऱ्या पुलावर तपासून पाहू.

पूल आयर्लंडमधल्या ड्रोहेडा इथला. डब्लिनहून बेलफास्टकडे जाणारी रेल्वे ड्रोहेडा स्टेशन सोडल्यावर लगेच बॉइन नदी ओलांडते, त्या ठिकाणचा हा उंच व्हायाडक्ट १८५५ मध्ये पूर्ण झाला. त्याची मांडणी सर जॉन मॅकनील यांची. ते डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे सिव्हिल इंजिनिअरिंगचे पहिले प्राध्यापक. प्रत्यक्ष लोखंडी कामात जेम्स बार्टन यांचा मोठा वाटा होता. दोन्ही काठांना दगडी कमानी आणि नदीवर घडीव लोखंडाच्या जाळीदार तुळयांचे तीन स्पॅन: मधला साधारण ८१ मीटर आणि बाजूचे प्रत्येकी ४३ मीटर. आपल्याला हवी असलेली गोष्ट ही, की या तुळया खांबांवर तुटत नव्हत्या. तीनही स्पॅनमधून सलग गेल्या होत्या. आज तिथे दिसतं ते १९३०च्या दशकात बसवलेलं पोलादी काम आहे, त्यामुळे आजचा फोटो समोर ठेवून पुढचं गणित पडताळायला जाऊ नये.

समजा संपूर्ण पुलावर दर मीटरला w इतका सारखा भार आहे. नुसत्या सूत्रांचं पान हातात असलेला विद्यार्थी मधल्या स्पॅनसाठी wL²/8 घेईल. ८१ चा वर्ग ६५६१, भागिले ८, म्हणजे मध्यावर ८२० w. गणित बिनचूक आहे आणि उत्तर चूक. सलग तुळईत बाजूचे स्पॅन मधल्या स्पॅनची टोकं मागे ओढून धरतात, त्यामुळे खांबांवर उलट्या दिशेचा मोमेंट तयार होतो आणि मध्यावरचा मोमेंट कमी होतो. तो उलटा मोमेंट क्लॅपेरॉनच्या तीन-मोमेंट समीकरणातून निघतो. बाजूचे दोन्ही स्पॅन a, मधला b, तर समीकरण एका ओळीत मावतं:

M = w(a³ + b³) / [4(2a + 3b)]

a = 43 आणि b = 81 घातले की अंशात ६,१०,९४८ w येतात, छेदात १३१६, आणि खांबावरचा मोमेंट सुमारे ४६४ w. मध्यावर उरतो तो ८२० वजा ४६४, म्हणजे ३५६ w. नुसत्या सूत्राने काढलेल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी! आणि सगळ्यात मोठा मोमेंट स्पॅनच्या मध्यावर नसून खांबावर आहे, तोही उलट दिशेचा. म्हणजे चूक फक्त आकड्याची नाही, लोखंड जास्त कुठे घालायचं हेच चुकलं. मोमेंट दिशा बदलतो तो बिंदू खांबापासून १३.८ मीटरवर येतो. क्लॅपेरॉनचं समीकरण छापून आलं १८५७ मध्ये, पूल झाल्यानंतर. पण नेव्हिए यांच्या १८२६च्या पुस्तकापासून सलग तुळईचा हिशेब इंजिनिअरांना माहीत होता. बॉइनच्या कामावर असलेल्या बिंडन ब्लड स्टोनी यांनी पुढे तुळयांमधल्या ताणांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. हा दिशा-बदलाचा बिंदू बॉइनच्या पुलावर नुसता कागदावर ठेवला नव्हता. त्या जागी तुळईच्या वरच्या पट्ट्याचे रिव्हेट काढून, सांधा कसा वागतो ते पाहण्यात आलं. जिथे मोमेंट शून्य, तिथे पट्टा सुटा केला तरी फार बिघडायला नको, हा त्यामागचा तर्क.

आता वरची ओळ शीटच्या दृष्टीने पाहा. तिच्यात b शून्य करा. दोन्ही बाजूंच्या स्पॅनची आतली टोकं एकमेकांना भिडतात, वळायला जागा उरत नाही, आणि उत्तर येतं wa²/8. हाच प्रॉप्ड कॅन्टिलिव्हर. a शून्य करा, मधल्या स्पॅनची टोकं जखडली जातात, उत्तर wb²/12, म्हणजे दोन्ही टोकं पक्की असलेली तुळई. a आणि b सारखे करा, येतं wL²/10, तीन सारख्या स्पॅनसाठी तक्त्यात असतं तेच. तीन वेगवेगळ्या स्लाइड्सवरची तीन सूत्रं एका ओळीच्या पोटात निघाली. काटछाट म्हणायची ती हिला. सूत्र बारीक अक्षरात लिहिल्याने माहिती कमी होत नाही, फक्त डोळे दुखतात; दुसऱ्या सूत्रातून निघणारं सूत्र काढून टाकलं की माहिती न गमावता जागा सुटते. शिवाय परीक्षेत घाईत ओळ चुकीची उतरवली गेली असेल, तर a शून्य करून बारा येतात का, हे अर्ध्या मिनिटात कळतं. ही तपासणी शीटवर सूत्राच्या उजवीकडे चार चिन्हांत लिहून ठेवता येते, आणि दुसऱ्या कुठल्याही गोष्टीसाठी मी ती जागा देणार नाही.

अर्थात ही ओळ बिनअटीची नाही, आणि खरी काटकसर इथेच अंगाशी येते. तिच्यामागे चार गृहीतकं आहेत: भार तीनही स्पॅनवर सारखा, EI सगळीकडे तेवढाच, बाहेरची टोकं वळायला मोकळी आणि एकही आधार खचलेला नाही. पहिली अट मोडून बघू. गाडी फक्त मधल्या स्पॅनवर आहे आणि बाजूचे रिकामे आहेत असं समजा. अंशातला a³ जातो, खांबावरचा मोमेंट ४०४ w वर उतरतो आणि मध्यावरचा ३५६ वरून ४१६ w वर चढतो. एकूण भार कमी झाला आणि मध्यावरचा मोमेंट वाढला! ज्याच्या पानावर ‘भार सगळीकडे’ हे दोन शब्द नाहीत, तो पूर्ण भार म्हणजेच सगळ्यात वाईट स्थिती असं धरून चालेल. चौथी अटही पुस्तकी नाही. नदीतल्या खांबाचा पाया थोडा बसला तर सुट्या तुळईला त्याचं सोयरसुतक नसतं, ती नुसती तिरकी होते. सलग तुळईत मात्र भार न वाढताही नवे मोमेंट उभे राहतात. म्हणून अट सूत्राच्या खाली तळटीप म्हणून न देता सूत्राच्या आधी लिहावी. नजर डावीकडून येते. अट आधी भेटली तर सूत्र वापरायचं की नाही हा प्रश्न तरी पडतो.

यातूनच पानाची मांडणी ठरते. बहुतेक शीट लेक्चरच्या क्रमाने लिहिलेली असतात: वर शिअर फोर्स, मग बेंडिंग, मग डिफ्लेक्शन, तळाशी बकलिंग. शिकवायला हा क्रम ठीक आहे, पण प्रश्नपत्रिका लेक्चरचा नंबर सांगत नाही. चाय, फेल्टोविच आणि ग्लेझर यांनी १९८१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भौतिकशास्त्राच्या उदाहरणांचे गट पाडायला सांगितल्यावर नवख्या विद्यार्थ्यांनी उतार, स्प्रिंग, पुली अशा दिसणाऱ्या वस्तूंवरून गट पाडले, तर तज्ज्ञांनी कोणत्या तत्त्वाने उदाहरण सुटेल यावरून. शीट दुसऱ्या पद्धतीची हवी. पानाच्या डोक्यावर पहिला प्रश्न: समतोलाच्या समीकरणांनी सगळ्या रिॲक्शन निघतात का? निघत असतील तर डावा स्तंभ, नसतील तर उजवा. उजव्या स्तंभात पुढचा प्रश्न: आधार खचतो का, भार अर्धवट आहे का? ड्रोहेडाचा पूल या पानावर ठेवला की चार आधार आणि उभ्या भारासाठी दोनच समीकरणं दिसतात, आणि wL²/8 असलेल्या स्तंभाकडे हात जातच नाही. सूत्राशेजारी नखाएवढी का होईना, आकृती ठेवावी. आधारांची खूण आणि वाकण्याची दिशा एवढं तिच्यात आलं तरी सुरुवातीचा गोंधळ मिटतो. एककांसाठी तळाशी एक ओळ पुरते: 1 kN/m = 1 N/mm आणि 1 cm⁴ = 10⁴ mm⁴. डिफ्लेक्शनच्या 5wL⁴/384EI मध्ये लांबी चौथ्या घातात आहे. मीटर आणि मिलिमीटर मिसळले की उत्तर लाखो-कोटींच्या पटीने हुकतं, तेव्हा चूक निदान दिसते तरी. तक्त्यातला cm⁴ तसाच घातला तर डिफ्लेक्शन दहा हजार पट येतं.

यावर एक आक्षेप ठरलेला: इतकं निवडून लिहायचं तर आधी विषय समजलेला हवा, आणि समजलेला असेल तर पान कशाला? आक्षेपाचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. न समजता केलेली शीट म्हणजे स्लाइड्सची आकसलेली प्रत, म्हणून दुसऱ्याने केलेल्या पानाचा उपयोग फार मर्यादित राहतो. दुसरा अर्धा मात्र पटत नाही. तीन-मोमेंटचं समीकरण ज्याने एकदा स्वतः सोडवलंय, त्यालाही छेदात 2a+3b की 3a+2b हे दोन महिन्यांनी आठवेलच असं नाही, आणि आठवणीवर ती ओळ सोडायचं कारणही नाही. आयर्लंडमध्ये शाळेच्या लीव्हिंग सर्टच्या परीक्षेतही ‘फॉर्म्युले अँड टेबल्स’ ही अधिकृत पुस्तिका सगळ्यांच्या हातात असते. तिने कुणाचं गणित बिघडलं अशी ओरड नाही. पण ती पुस्तिका सगळ्यांसाठी छापलेली आहे. एखाद्या कोर्समध्ये कोणत्या दोन सूत्रांची गल्लत होते, हे ती सांगू शकत नाही. महाराष्ट्रात बहुतेक लेखी परीक्षांना असं पान आत नेता येत नाही, हा दुसरा आक्षेप. तिथे पान घरीच राहील, पण त्यावरची निवड, म्हणजे कोणत्या ओळीतून कोणती ओळ निघते हे, डोक्यात आत जातं. IS कोड किंवा स्टील टेबल चालणाऱ्या पेपरला तर नेमकी हीच निवड लागते.

पान पुरं झालं की जुनी प्रश्नपत्रिका फक्त त्या पानाच्या आधारावर सोडवावी आणि वापरलेल्या प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने टिंब द्यावं. दोन पेपरनंतरही एकही टिंब न मिळालेल्या ओळी खोडता येतात. ज्या ओळीसाठी पुन्हा स्लाइड उघडावी लागली, तिथे सूत्र अपुरं होतं की अट, हे शेजारी लिहावं. बहुतेकदा ती अट निघते, आणि ती लिहायची जागा खोडलेल्या ओळींनीच मोकळी करून दिलेली असते. पुढच्या भागात हीच कात्री थर्मोडायनॅमिक्सच्या स्लाइड्सना लावू. तिथे वायू आदर्श आहे की नाही, या अटीवरून अर्ध्या पानाची सूत्रं बाद होतात.