'ऐवजी' आणि 'असे वाचावे'

आमच्या कार्यालयात एकदा गोपनीय अहवाल सादर करण्याचं परिपत्रक निघालं. परिच्छेद ३ मध्ये ३१ मेऐवजी १३ मे छापलं गेलं. चूक दुसऱ्या दिवशी लक्षात आली आणि कुणीतरी घाईघाईने सगळं परिपत्रक दुरुस्त करून पुन्हा पाठवलं, क्रमांक तोच, दिनांकही तोच. झालं! टेबलावर दोन सारखे कागद, आणि खरा कोणता हे शिपायापासून साहेबांपर्यंत कुणालाच सांगता येईना.

अशा वेळी शुद्धिपत्रक काढायचं असतं. त्याला स्वतःचा दिनांक असतो, 'वाचा' या सदरात मूळ परिपत्रकाचा क्रमांक व दिनांक असतो आणि मजकूर एवढाच: "उक्त परिपत्रकातील परिच्छेद ३, ओळ २ मधील '१३ मे' या ऐवजी '३१ मे' असे वाचावे. उर्वरित मजकूर कायम राहील." हे शेवटचं वाक्य लोक गाळतात, आणि मग बाकीचं परिपत्रक रद्द झालं का, असे फोन सुरू होतात.

शुद्धिपत्रक फक्त लेखनातल्या चुकीसाठी. मुदतच वाढवायची असेल तर तो नवा निर्णय. त्याला वेगळा आदेश हवा. चुका तीन-चार निघाल्या, तर मात्र मूळ परिपत्रक 'अधिक्रमित करण्यात येत आहे' म्हणून नव्या क्रमांकाने काढणंच बरं.

आणि ज्यांना मूळ प्रत गेली, त्या सगळ्यांना हीसुद्धा गेली पाहिजे. आमच्या आवक लिपिकाने पुढे जुन्या प्रतीच्या समासात लाल शाईने 'शुद्धिपत्रक पाहा' लिहून दिनांक टाकायला सुरुवात केली.