पानाचा आकार किती असावा?

ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रामला मेमरी ठरावीक आकाराच्या पानांत देते. शेवटचे पान क्वचितच पूर्ण भरते; सरासरीने अर्धे पान वाया जाते. म्हणून पान लहान हवे. पण प्रत्येक पानाची एक नोंद पान-तक्त्यात ठेवावी लागते, त्यामुळे पाने लहान केली की तक्ता फुगतो.

प्रोग्रामचा आकार s, नोंदीचा e आणि पानाचा p बाइट धरला, तर एकूण खर्च `se/p + p/2`. दोन्ही पदे समान होतात तिथे तो सर्वांत कमी असतो, म्हणजे `p = √(2se)`.

६४ एमबीचा प्रोग्राम आणि ८ बाइटची नोंद घेतली, तर उत्तर ३२ केबी येते: तक्ता १६ केबी, वाया १६ केबी. ४ केबीच्या पानांत वाया फक्त २ केबी जातात, पण तक्ता १२८ केबींचा होतो.

सूत्र मात्र भाबडे आहे. कोड, डेटा, स्टॅक वेगळे असले की प्रत्येकाचे अर्धे पान वाया जाते. असे n भाग असतील तर `√(2se/n)`. शिवाय बहुस्तरीय तक्त्यात न वापरलेल्या पत्त्यांसाठी नोंदी फारशा लागतच नाहीत. आपल्या यंत्रावरचा आकार `getconf PAGESIZE` सांगते: इंटेलच्या लिनक्सवर 4096, ॲपलच्या एम-मालिकेच्या मॅकवर 16384.