लोंबता हात आणि मानेतली पाच मुळं

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्राच्या तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो. चोवीस वर्षांचा तरुण मोटरसायकलवरून उडून डाव्या खांद्यावर आपटला. आता त्याचा डावा हात अंगालगत लोंबतो आहे, दंड आतल्या बाजूला वळला आहे, कोपर सरळ आहे, तळहात मागे वळला आहे आणि मनगट किंचित मुडपलेलं आहे. नुकसान कोणत्या रूटला झालं? मुलं धडाधड उत्तर देतात, ‘एर्ब्स पाल्सी, सी-५, सी-६’. मग परीक्षक विचारतात, ‘कशावरून?’ आणि तिथे बरीच मुलं गप्प होतात. कारण उत्तर एका चित्रावरून पाठ केलेलं असतं. पाठ मागे नेऊन गुपचूप बक्षिसी घेणाऱ्या वेटरचा हात असाच दिसतो, म्हणून या अवस्थेला ‘वेटर्स टिप’ म्हणतात. आपल्याकडच्या पुस्तकांत वेटरच्या जागी पोलिसाचा हात येतो.

चित्र लक्षात राहतं हे खरं, पण ते काही समजावून सांगत नाही. समजून घ्यायचं असेल तर एक गोष्ट आधी पटायला हवी: वाकडा दिसणारा हात लुळ्या पडलेल्या स्नायूंनी वाकडा केलेला नसतो. लुळा स्नायू काहीच करत नाही. हाताला तो आकार देतात शाबूत राहिलेले स्नायू. रस्सीखेचीत एका बाजूच्या माणसांनी दोर सोडला की दुसऱ्या बाजूचे जोर न वाढवताही दोर घेऊन जातात, तसंच हे आहे. त्यामुळे हात जिकडे गेला आहे त्याच्या उलट बाजूला कोण ओढत होतं, हे शोधायचं.

आता त्या पाच मुळांची ओळख. मेरुरज्जूतून मानेत दोन्ही बाजूंना नर्व्ह बाहेर पडतात. मानेचे मणके सात असले तरी नर्व्ह आठ असतात. त्यांतले शेवटचे चार, सी-५ ते सी-८, आणि छातीचा पहिला, टी-१, असे पाच नर्व्ह मानेच्या स्नायूंच्या फटीतून येतात, एकमेकांत मिसळतात, पहिल्या बरगडीवरून आणि कॉलरबोनच्या मागून काखेत उतरतात. या जाळ्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. वरचे दोन रूट मिळून वरची ट्रंक होते, मधला सी-७ एकटाच पुढे जातो आणि खालचे दोन मिळून खालची ट्रंक होते. पुढची गुंतागुंत खूप आहे, पण कामाची वाटणी बरीच सरळ आहे: वरची मुळं खांदा आणि कोपर चालवतात, खालची मुळं बोटं. वरून खाली जावं तसं काम खांद्याकडून बोटांच्या टोकाकडे सरकतं.

या वाटणीवर आपल्या तरुणाला तपासून पाहू. हात अंगालगत आहे, म्हणजे तो बाजूला उचलणारे डेल्टॉइड आणि सुप्रास्पायनेटस काम करत नाहीत. दंड आत वळला आहे, म्हणजे त्याला बाहेर वळवणारा इन्फ्रास्पायनेटस गेला. छातीचा मोठा स्नायू आणि पाठीचा रुंद स्नायू यांना खालच्या मुळांचाही पुरवठा असतो, ते दंड आत ओढत राहतात. कोपर सरळ आहे, कारण बायसेप्स आणि ब्रेकियालिस गेले आणि मुख्यतः सी-७ वर चालणारा ट्रायसेप्स जागेवर आहे. तळहात मागे आहे, कारण तो पुढे वळवण्याचं मोठं काम बायसेप्सच करतो. कोपर वाकवणं हे त्याचं प्रसिद्ध काम, पण स्क्रू पिळताना जो जोर लागतो तोही त्याचाच. मनगट मुडपलेलं, कारण ते वर उचलणाऱ्या स्नायूंचा सी-६ चा वाटा गेला. गेलेल्या स्नायूंची ही यादी पाहिली तर सगळ्यांचा पुरवठा सी-५ आणि सी-६ मधून येतो. तपासणीत बायसेप्सचा रिफ्लेक्स मिळत नाही, दंडाची बाहेरची बाजू आणि अंगठा बधिर असतो. बोटं मात्र ठणठणीत असतात. हा तरुण मुठीत मोबाइल घट्ट धरू शकतो, फक्त तो कानापर्यंत नेऊ शकत नाही.

अपघात कसा झाला याचाही उत्तराशी संबंध आहे. खांद्यावर आपटताना खांदा खाली जातो आणि डोकं विरुद्ध बाजूला फेकलं जातं. मान आणि खांद्यातला कोन फाकतो, आणि सगळ्यात वर असलेल्या नर्व्हवर ताण सगळ्यात जास्त येतो. बाळंतपणात डोकं बाहेर आल्यावर खांदा अडकला तरी हेच होतं. फ्रेंच डॉक्टर ड्यूशेन यांनी १८७२ साली जन्मतःच असा हात लुळा पडलेल्या बाळांचं वर्णन केलं. १८७४ साली जर्मनीचे विल्हेल्म एर्ब यांनी मोठ्या माणसांतला हाच लकवा पाहून नुकसान सी-५ आणि सी-६ जिथे एकत्र येतात तिथे आहे, असं दाखवलं. कॉलरबोनच्या वर, मानेच्या बाजूला असलेली ती जागा आजही एर्ब्स पॉइंट म्हणून शिकवली जाते.

प्रश्न काढणारे इथे एक सापळा लावतात. खांदा निखळला की ॲक्सिलरी नर्व्ह दुखावू शकतो. तेव्हाही डेल्टॉइड लुळा पडतो, दंडाची बाहेरची बाजू बधिर होते आणि हात उचलता येत नाही. खांदा पाहणारा विद्यार्थी सी-५ लिहून मोकळा होतो. सोडवणूक सोपी आहे: कोपर वाकवायला सांगायचं. वाकलं तर बायसेप्स शाबूत आहे, म्हणजे रूट शाबूत आहे आणि इजा पुढे एका शाखेत आहे. एक शाखा गेली की एका नर्व्हचे स्नायू जातात. रूट गेलं की वेगवेगळ्या नर्व्हचे, पण एकाच मुळावर पोसलेले स्नायू एकत्र जातात. मला विचाराल तर या प्रकारच्या प्रश्नांत जे काही शिकण्यासारखं आहे ते इथेच आहे, बाकी पाठांतर.

दुसऱ्या टोकाची इजा म्हणजे क्लंपकेज पाल्सी. झाडावरून पडताना माणूस फांदी पकडतो, हात डोक्यावर ताणला जातो आणि खालची मुळं, सी-८ आणि टी-१, ओढली जातात. खांदा आणि कोपर नीट चालतात, पण हाताच्या पंजातले छोटे स्नायू जातात. या स्नायूंचं काम मजेदार आहे. ते बोटाचा मुळाचा सांधा वाकवतात आणि पुढची दोन पेरं सरळ ठेवतात, म्हणजे चिमटीत कागद धरताना बोट जसं असतं तसं. ते गेले की बोटं उचलणारा लांब स्नायू मुळाचा सांधा मागे खेचतो आणि वाकवणारे लांब स्नायू पुढची पेरं आत वळवतात. पंजा नख्यांसारखा होतो, तो क्लॉ हँड. हे चित्र टी-१ एकटाच गेला असताना ठसठशीत दिसतं. सी-८ ही पूर्ण गेला तर पेरं वळवणारे लांब स्नायूही कमजोर होतात, आणि इजा मोठी असून पंजा कमी वाकडा दिसतो.

कोपराशी अल्नर नर्व्ह दबला तरी क्लॉ हँड होतो, म्हणून दुसरा सापळा इथे असतो. फरक बोटांत पाहायचा. अल्नरमध्ये अनामिका आणि करंगळी वळतात, कारण तर्जनी आणि मधल्या बोटाचे ल्युम्ब्रिकल स्नायू मीडियन नर्व्हवर चालतात. टी-१ मात्र दोन्ही नर्व्हमधून जातो, त्यामुळे चारही बोटं वळतात. त्याहून भरवशाची खूण कातडीवर मिळते. अल्नर नर्व्हचा बधिरपणा मनगटापाशी थांबतो, मुळाचा बधिरपणा करंगळीच्या बाजूने कोपराकडे चढत जातो.

आणि तिसरी खूण चेहऱ्यावर असते. डोळ्याची बाहुली मोठी करणारे तंतू टी-१ च्या सुरुवातीच्या भागातून जातात. टी-१ मेरुरज्जूच्या अगदी जवळ तुटलं तर त्याच बाजूची पापणी थोडी उतरते आणि बाहुली बारीक होते. हाताचा आणि डोळ्याचा हा धागा १८८५ साली ऑगुस्ता क्लंपके यांनी जुळवला. त्यांचा जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा, शिक्षण पॅरिसचं, आणि तेव्हा त्या अजून वैद्यकाच्या विद्यार्थिनीच होत्या.

परीक्षेत एर्ब आणि क्लंपके यांना सारखाच मान मिळतो, वॉर्डात तसं नसतं. निव्वळ क्लंपके क्वचित दिसतो. दुचाकीच्या अपघातात वरची मुळं तरी जातात, नाहीतर सगळीच. शिवाय पुस्तकातला तो ठरावीक आकार पहिल्या दिवशी नसतो. तेव्हा नुसता लुळा, दुखरा हात असतो, आकार पुढच्या काही आठवड्यांत येतो. काही लोकांत हे जाळंच एक मणका वर किंवा खाली सरकलेलं असतं, मग हिशेब थोडा चुकतो.

सर्जनला मात्र ‘सी-५, सी-६’ एवढं उत्तर पुरत नाही. रूट मेरुरज्जूपासून उपटलं आहे की थोडं पुढे तुटलं आहे, हे त्याला हवं असतं, कारण पुढे तुटलेलं जोडता येतं, उपटलेलं पुन्हा रोवता येत नाही. याचाही पहिला अंदाज तपासणीतून येतो. फऱ्याला छातीशी धरून ठेवणारा सेरॅटस आणि दोन फरे जवळ आणणारे ऱ्हॉम्बॉइड यांचे नर्व्ह थेट मुळांतून निघतात, एर्ब्स पॉइंटच्या आधीच. म्हणून रुग्णाला दोन्ही फरे मागे आवळायला सांगतात आणि जमेल तेवढा हात पुढे रेटायला लावतात. फरे नीट सरकले तर इजा पुढे आहे. फरा पंखासारखा वर उचलला गेला तर मुळाशीच काहीतरी झालं आहे असं समजून एमआरआयकडे त्या नजरेने पाहतात.

उपटलेल्या सी-५, सी-६ साठी पॅरिसचे सर्जन क्रिस्तोफ ओबर्लँ यांनी १९९४ साली एक युक्ती मांडली. अल्नर नर्व्हमधला मनगट वाकवणारा एक बारीक जुडगा दंडात वेगळा काढायचा आणि बायसेप्सच्या नर्व्हला जोडायचा. अल्नरमध्ये असे जुडगे अनेक असल्याने पंजाचं फारसं बिघडत नाही. नर्व्ह साधारण दिवसाला एक मिलिमीटर वाढतो, आणि हा जोड स्नायूच्या अगदी जवळ असल्याने वाट काही महिन्यांचीच उरते. वेळ मात्र पाळावी लागते. शस्त्रक्रिया पहिल्या सहा महिन्यांत व्हावी असा प्रयत्न असतो, कारण वर्ष-दीड वर्ष नर्व्हशिवाय राहिलेला स्नायू नंतर नर्व्ह पोचला तरी उठत नाही. सुरुवातीला रुग्णाला कोपर वाकवण्यासाठी मनगट वाकवण्याचा विचार करावा लागतो, मग सरावाने मेंदू नवी वाट शिकतो.

ही युक्ती खालची मुळं शाबूत असतील तरच चालते. लुळ्या हाताबरोबर पापणीही उतरलेली असेल तर टी-१ गेलेला असतो, आणि मग अल्नरकडून उसनं घेण्यासारखं काही राहत नाही. तेव्हा फासळ्यांमधले, श्वासाच्या स्नायूंचे नर्व्ह दंडापर्यंत आणून बायसेप्सला जोडतात. अशा रुग्णाचं कोपर पहिल्यांदा हलतं ते खोल श्वास घेतल्यावर.