कॅपमधील कागदपत्र पडताळणी

महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशात, म्हणजे कॅपमध्ये, गुणवत्ता यादीआधी कागदपत्रे तपासली जातात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, अधिवास दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला बहुतेकांकडे असतोच. राखीव जागा हातची जाते ती मुख्यतः जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर या दोन प्रमाणपत्रांपायी. जातीचा दाखला म्हणजे वैधता नव्हे. ती पडताळणी समिती देते. ओबीसी उमेदवाराचे नॉन-क्रीमीलेअर 31 मार्च 2025 रोजी संपत असेल, तर 2025-26 च्या प्रवेशाला ते चालत नाही. मुदत 31 मार्च 2026 पर्यंत हवी. नुसती अर्जाची पावती जोडल्यास मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेपर्यंत द्यावे लागते, अन्यथा उमेदवार खुल्या प्रवर्गात जातो. म्हणून वैधतेचा अर्ज अकरावीतच करावा.