रान आटलं नाही, कोपरा सुटला!
(आलेख कागदाच्या फोटोवरून उसाच्या रानाचे क्षेत्र कसे काढतात?)



नोंदीच्या हंगामात एक सभासद शेतकी ऑफिसात आले आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "साहेब, मागच्या साली माझं क्षेत्र त्रेसष्ट आर लावलं, अन् यंदा साडेएक्कावन्न. बांध तोच, विहीर तीच. माझं रान आटलं का काय?"

प्रश्न रास्त होता. आम्ही दोन्ही वर्षांचे कागद काढून समोर ठेवले. रान आटले नव्हते. चूक आमच्याच टेबलावर झाली होती. ती कशी झाली, हे सर्व सभासदांना समजले तर पुढच्या वेळी आपले क्षेत्र आपण स्वतः पडताळून पाहू शकाल, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपली पद्धत अशी आहे. चिटबॉय टेपने रान मोजतो, आलेख कागदावर आकृती काढतो आणि मोबाईलवर तिचा फोटो ऑफिसला पाठवतो. कागदावर एक सेंटिमीटरचे चौकोन असतात. एक सेंटिमीटर म्हणजे रानातले दहा मीटर धरले, की एक चौकोन दहा बाय दहा, म्हणजे शंभर चौरस मीटर, म्हणजेच बरोबर एक आर होतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्येच असते, म्हणून हे प्रमाण सोयीचे. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. आर आणि गुंठा यांत फरक फार थोडा आहे.

ऑफिसात फोटोवर रानाचे कोपरे खुणा करून घेतात आणि प्रत्येक कोपऱ्याचे दोन अंक वाचतात. कागदाच्या डाव्या खालच्या टोकापासून उजवीकडे किती चौकोन, हा आडवा अंक. आणि वर किती चौकोन, हा उभा अंक. या सभासदांच्या रानाला पाच कोपरे आहेत. वरच्या अंगाला नाला आत घुसल्यामुळे बांध मध्येच आत वळतो, तो 'ड' कोपरा.

अ : आडवा २, उभा १
ब : आडवा ११, उभा २
क : आडवा १२, उभा ८
ड : आडवा ७, उभा ६
इ : आडवा ३, उभा ९

आता हिशेब. बांधाने चालत गेल्यासारखे एका कोपऱ्यावरून पुढच्या कोपऱ्यावर जायचे. दर वेळी पहिल्याचा आडवा गुणिले दुसऱ्याचा उभा, त्यातून दुसऱ्याचा आडवा गुणिले पहिल्याचा उभा वजा करायचा. शेवटच्या कोपऱ्यावरून परत पहिल्यावर यायला विसरायचे नाही.

अ ते ब : २×२ − ११×१ = −७
ब ते क : ११×८ − १२×२ = ६४
क ते ड : १२×६ − ७×८ = १६
ड ते इ : ७×९ − ३×६ = ४५
इ ते अ : ३×१ − २×९ = −१५

बेरीज १०३. तिचे निम्मे ५१.५. म्हणजे साडेएक्कावन्न आर, सुमारे ५१ गुंठे, एक एकर अकरा गुंठ्यांच्या आसपास. गुणाकार तिरपे, एकमेकांना ओलांडून होतात. म्हणून इंग्रजी पुस्तकांत याला बुटाच्या नाडीचे सूत्र असेही म्हणतात.

"पण हे वजा-बिजा मध्येच कुठून आलं?" असे कोणीही विचारेल. ते असे. कागदाच्या डाव्या खालच्या टोकाला एक खुंटी ठोकली आहे आणि तिथून प्रत्येक कोपऱ्याला दोरी बांधली आहे, असे समजा. रानाची प्रत्येक बाजू आणि तिच्या टोकांच्या दोन दोऱ्या मिळून एक त्रिकोण होतो. वरची प्रत्येक ओळ म्हणजे अशा एका त्रिकोणाच्या क्षेत्राची दुप्पट. ब-क, क-ड आणि ड-इ या बाजू खुंटीपासून पलीकडच्या आहेत. त्यांच्या त्रिकोणांत रान तर येतेच, पण रान आणि खुंटी यांच्यामधली मोकळी जागाही येते. अ-ब आणि इ-अ या बाजू खुंटीकडे तोंड करून आहेत. त्यांच्या त्रिकोणांत फक्त ती मोकळी जागाच असते. ती वजा झाली की रान तेवढे उरते. म्हणूनच वरच्या हिशेबात नेमक्या याच दोन ओळी वजा आल्या आहेत. उलट्या दिशेने चाललात तर सगळी चिन्हे उलटतील आणि उत्तर वजा ५१.५ येईल. त्याने काही बिघडत नाही, वजाचे चिन्ह सोडून द्यावे.

पडताळा कोणालाही घेता येतो. रानाभोवती सरळ चौकट आखा. ती दहा चौकोन रुंद आणि आठ चौकोन उंच, म्हणजे ८० चौकोनांची होते. चौकटीत असून रानाबाहेर असलेली जागा खालच्या व उजव्या अंगाला साडेआठ, वरच्या अंगाला सोळा आणि डावीकडे चार चौकोन आहे, एकूण साडेअठ्ठावीस. ऐंशीतून ते गेले की साडेएक्कावन्नच राहतात.

मग मागच्या साली काय झाले? फोटोत 'ड' कोपरा कागदाच्या घडीवर आला होता आणि तिथे सावली पडली होती. खुणा करणाऱ्याला तो दिसला नाही. त्याने क वरून सरळ इ वर उडी मारली. क ते इ ही ओळ १२×९ − ३×८ = ८४ अशी आली, बेरीज १२६ झाली आणि क्षेत्र ६३ आर लागले. नाल्याची साडेअकरा आर जागा सभासदांच्या नावावर ऊस म्हणून चढली.

यात सभासदांचा फायदा झाला असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. त्यांचा ऊस त्या साली पन्नास टन आला. ६३ आराला भागले तर एकरी ३२ टन पडतात, आणि खऱ्या क्षेत्राला भागले तर ३९. चांगल्या शेतकऱ्याची नोंद कमी उताऱ्याची झाली. एकरी चाळीस टनांनी आमचा अंदाज ६२ टनांचा होता, म्हणून राहिलेला ऊस बाहेर कुठे गेला का, अशी चौकशीही त्यांच्याकडे झाली. माणसाला हे लागते. आम्ही त्यांची क्षमा मागितली आणि नोंद दुरुस्त केली.

ही चूक ओळखायची खूण सोपी आहे. मोजणीच्या वहीत जितके कोपरे, तितक्याच ओळी हिशेबात पाहिजेत. वहीत पाच आणि हिशेबात चार, तर तिथेच थांबावे.

दुसरी चूक क्रमाची. समजा कोणी अ, क, ब, ड, इ असा क्रम लावला. रेषा एकमेकींना छेदतात, एक तुकडा दुसऱ्यातून वजा होतो आणि उत्तर अवघे ११ आर येते. ही चूक लगेच डोळ्यांत भरते. पण अ, ब, ड, क, इ असा क्रम लागला तर उत्तर येते ४९ आर. आकडा पटण्यासारखा आहे आणि तोच घात करतो. अशा वेळी आकड्याकडे पाहून उपयोग नाही. खुणा क्रमाने रेषांनी जोडून आकृती आपल्या बांधासारखी दिसते का, ते पाहावे.

तिसरी गोष्ट फोटोची. फोटो तिरका काढला की लांबचे चौकोन लहान आणि जवळचे मोठे दिसतात. अशा फोटोवर पट्टी ठेवून सेंटिमीटर मोजले तर क्षेत्र चुकणारच. लांबी सगळीकडे शंभरात पाच जास्त धरली गेली तर क्षेत्र शंभरात दहाहून जास्त वाढते, कारण चूक लांबीतही येते आणि रुंदीतही. म्हणून पट्टी लावायचीच नाही. आकृती आणि चौकोन एकाच कागदावर आहेत. कागद जसा तिरका झाला तशा त्याच्या रेघाही तिरक्या झाल्या. कोपरा कितव्या आडव्या आणि कितव्या उभ्या रेघेजवळ आहे, हे रेघा मोजत जाऊन वाचले तर तिरका फोटोही खरे सांगतो. फक्त चौकोनाच्या आतला भाग त्याच चौकोनाच्या दोन रेघांमध्ये पाहून ठरवावा.

वाचताना किती बारकाई हवी? 'ड' चा उभा अंक ६ ऐवजी साडेसहा वाचला, तर क्षेत्र सव्वादोन आराने वाढते. अर्ध्या चौकोनाला सव्वादोन आर! कारण ड च्या दोन्ही बाजूंचे शेजारी, क आणि इ, एकमेकांपासून लांब आहेत. शेजारी जितके लांब, तितकी मधल्या कोपऱ्याची चूक महागात पडते. असा कोपरा मिलिमीटरच्या बारीक रेघांवर, दोनदा वाचावा.

आता या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती कागदावरच्या आकृतीचे क्षेत्र बिनचूक देते, पण आकृतीच चुकली असेल तर तिला ते कळत नाही. म्हणून रानात एक कर्ण टेपने मोजून ठेवावा. या रानाचा अ ते क कर्ण कागदावरून १२२ मीटर निघतो. टेपने दोन-तीन मीटरच्या आत तेवढाच भरला तर आकृती मानावी, नाहीतर पुन्हा मोजणी. उताराच्या रानात टेप जमिनीला टेकवून न धरता आडवा ताणावा, नाहीतर लांबी जास्त भरते. आणि बांध गोलाईने वळत असेल तर त्या वळणावर तीन-चार जादा कोपरे घ्यावेत, कारण हे सूत्र दोन कोपऱ्यांमधली बाजू सरळच धरते.

हे क्षेत्र ऊस नोंदीपुरते आहे. बांधाच्या वादाला ते चालणार नाही. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याचीच मोजणी लागते.

यंदा नोंदीच्या पावतीबरोबर कोपऱ्यांचे अंकही मागून घ्या. ते सभासद आता तसेच करतात. परवा गट ऑफिसात बसून त्यांनी शेजाऱ्याच्या रानाचा हिशेब कागदाच्या पाठीवर मांडला आणि आमच्या आकड्यात पाव आराचा फरक काढून दाखवला. तपासले, तर त्यांचाच आकडा बरोबर होता.

— ऊस विकास अधिकारी